कोणती शाखा मागे आहे, आणि कोणाच्या मागे?

बँकांच्या वार्षिक अहवालात ‘प्रति कर्मचारी व्यवसाय’ नावाचा एक आकडा असतो. ठेवी आणि कर्जं यांची बेरीज करायची आणि तिला कर्मचाऱ्यांच्या संख्येनं भागायचं, एवढंच त्याचं गणित. संपूर्ण बँकेसाठी हा आकडा ठीक आहे. पण विभागीय कार्यालयात शाखांची एकमेकींशी तुलना याच आकड्यावर सुरू झाली की भांडणं लागतात. ज्या शाखेत नगरपरिषदेची किंवा एखाद्या कारखान्याची मोठी ठेव 31 मार्चच्या आधी येऊन पडते, ती शाखा एका रात्रीत कर्तबगार ठरते. ज्या शाखेत पहिल्या तारखेला पेन्शनरांची रांग फाटकापर्यंत जाते, तिथले रोखपाल दिवसभर मान वर करत नाहीत. पण त्या रांगेनं ठेवींच्या रकमेत फारशी भर पडत नाही, म्हणून ती शाखा यादीच्या तळाशी जाते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी गुणोत्तरं काढणं. खर्चाचं उत्पन्नाशी प्रमाण, बचत आणि चालू खात्यांतल्या ठेवींचा वाटा, दर अधिकाऱ्यामागे मंजूर झालेली कर्जं. प्रत्येक गुणोत्तराची क्रमवारी वेगळी येते आणि शाखाधिकारी आपल्या सोयीची क्रमवारी घेऊन बैठकीला येतो. मग मुख्य कार्यालय गुणपत्रक बनवतं: ठेवींना 30 गुण, कर्जांना 30, वसुलीला 20, ग्राहकसेवेला 20. वाद मिटल्यासारखा वाटतो, पण तो फक्त एक पायरी मागे सरकलेला असतो. हे 30 आणि 20 ठरवले कोणी? कर्जांना 40 आणि सेवेला 10 दिले तर तळाची शाखा मध्यावर येते. म्हणजे शाखेचा नंबर शाखेच्या कामापेक्षा टेबलापलीकडच्या माणसाच्या आवडीवर अवलंबून राहतो.

डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, थोडक्यात डीईए, या पद्धतीनं हा प्रश्न उलटा केला. गुणांचं वजन मुख्य कार्यालयानं ठरवायचंच नाही, ते प्रत्येक शाखेला स्वतः ठरवू द्यायचं. जे वजन तिला सर्वांत जास्त फायद्याचं, ते तिनं घ्यावं. अट एकच: तीच वजनं बाकीच्या सगळ्या शाखांना लावली तर कोणाचीही कार्यक्षमता 100 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपल्या गुणपत्रकात कोणत्या विषयाला किती महत्त्व हे स्वतः ठरवायची मुभा दिली, आणि तरीही एखादा मुलगा मागे राहिला, तर मग त्याला ‘माझा विषयच वेगळा आहे’ असं म्हणता येत नाही. या पद्धतीचा सगळा जोर तिथे आहे.

पद्धत बँकांसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत गरीब घरांतल्या शाळकरी मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा सरकारी कार्यक्रम होता. तो राबवणाऱ्या शाळा आणि इतर शाळा यांची तुलना करायचं काम एडवर्डो ऱ्होड्स या संशोधक विद्यार्थ्याकडे होतं. फलितांमध्ये वाचन होतं, गणित होतं आणि मुलांचा आत्मविश्वासही होता. वाचनाच्या एका गुणाची किंमत आत्मविश्वासाच्या किती गुणांइतकी, हे बाजारात कुठे कळणार? अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर या दोन ज्येष्ठांबरोबर ऱ्होड्सनं त्यावर काढलेला तोडगा 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं बीज मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या 1957 च्या लेखात होतं. बँकांच्या शाखांवर ही पद्धत लावणारा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास डेव्हिड शर्मन आणि फ्रँकलिन गोल्ड यांचा. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका अमेरिकी बचत बँकेच्या 14 शाखा होत्या. साधनं म्हणून त्यांनी मनुष्यबळ, जागेचं भाडं आणि साहित्याचा खर्च घेतला. फलित म्हणून ठेवींची रक्कम घेतली नाही, तर काउंटरवर होणाऱ्या व्यवहारांचे, लागणाऱ्या श्रमानुसार, चार गट केले. ही निवड साधी वाटते, पण सगळा निकाल तिच्यावर फिरतो. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी एक उदाहरण हातानं सोडवू. खालच्या पाच शाखा कल्पित आहेत आणि आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत. साधन एकच, कर्मचारी. कामं दोन: महिन्याभरात काउंटरवर झालेले व्यवहार आणि महिन्याभरात मंजूर झालेली कर्जप्रकरणं.

| शाखा | कर्मचारी | व्यवहार | कर्जप्रकरणं |
|---|---|---|---|
| गावठाण | 10 | 8000 | 10 |
| बाजारपेठ | 12 | 7200 | 60 |
| औद्योगिक वसाहत | 8 | 1600 | 72 |
| स्टेशन रोड | 10 | 5600 | 24 |
| नवी वसाहत | 12 | 3000 | 69 |

दर कर्मचाऱ्यामागे व्यवहार काढले तर गावठाण 800 वर पहिली येते, त्याखाली बाजारपेठ 600, स्टेशन रोड 560, नवी वसाहत 250 आणि औद्योगिक वसाहत 200. दर कर्मचाऱ्यामागे कर्जप्रकरणं काढली तर औद्योगिक वसाहत 9 वर पहिली, मग नवी वसाहत 5.75, बाजारपेठ 5, स्टेशन रोड 2.4 आणि गावठाण 1. एका यादीत पहिली असलेली शाखा दुसऱ्या यादीत शेवटची आहे. बाजारपेठ कशातच पहिली नाही, आणि कर्जांच्या यादीत तर ती नवी वसाहतीच्याही खाली आहे. हे लक्षात ठेवा.

आता स्टेशन रोडला तिची बाजू मांडू द्या. एका कर्जप्रकरणाचं वजन किती व्यवहारांइतकं धरावं, हे तिनं सांगायचं. कर्जांना काहीच वजन नको म्हणाली तर तिचे 560 विरुद्ध गावठाणचे 800, म्हणजे 70 टक्के. एक कर्ज म्हणजे 25 व्यवहार असं धरलं तर तिची बेरीज 560 अधिक 60, म्हणजे 620 होते. याच हिशोबानं गावठाणची बेरीज 825 येते, म्हणजे स्टेशन रोड 75 टक्के. एक कर्ज म्हणजे 50 व्यवहार धरलं तर स्टेशन रोडचे 680 होतात, आणि गावठाण व बाजारपेठ या दोघींचेही बरोबर 850. गुणोत्तर 80 टक्के. आणखी पुढे जाऊन 100 धरलं तर स्टेशन रोड 800 वर पोचते, पण बाजारपेठ आणि औद्योगिक वसाहत 1100 वर असतात. गुण घसरून 73 च्या आसपास येतात. म्हणजे 50 हाच तिच्यासाठी सर्वांत उदार हिशोब, आणि त्या हिशोबातही ती 80 च्या वर जात नाही.

नवी वसाहतीसाठी सर्वांत फायद्याचा हिशोब एका कर्जाला 100 व्यवहार हा. तेव्हा तिची बेरीज 825, तर बाजारपेठ आणि औद्योगिक वसाहत यांची प्रत्येकी 1100. तिची कार्यक्षमता 75 टक्के. कर्जांच्या यादीत बाजारपेठेच्या वर बसलेली ही शाखा इथे पाचांत शेवटची ठरली. कारण असं की कर्जांत तिची बाजारपेठेवर आघाडी पाऊण प्रकरणाची आहे, आणि व्यवहारांत पिछाडी साडेतीनशेची. कर्जांना कितीही वजन दिलं तरी ही तफावत भरून निघत नाही: वजन कमी असताना बाजारपेठ आडवी येते, वाढवत नेलं की औद्योगिक वसाहत.

उरलेल्या तीन शाखा 100 टक्क्यांवर आहेत. आलेखाच्या आडव्या अक्षावर दर कर्मचाऱ्यामागचे व्यवहार आणि उभ्या अक्षावर कर्जप्रकरणं मांडली तर या तिन्ही ठिपक्यांना जोडणारी, बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेषा मिळते. बाकीच्या दोन शाखा तिच्या आत राहतात. त्या रेषेपर्यंत पोचायला किती अंतर बाकी आहे, ते म्हणजे शाखेचा गुण. साधनं आणि कामं वाढली की हा आलेख कागदावर काढता येत नाही. पण गणित तेच राहतं. अज्ञात असतात ती वजनं. शाखेचा स्वतःचा गुण जास्तीत जास्त करायचा, त्याच वजनांनी कोणत्याही शाखेचा गुण 1 च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि कोणतंही वजन ऋण असू द्यायचं नाही. याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. प्रत्येक शाखेसाठी एक स्वतंत्र गणित सोडवावं लागतं. पाच शाखा असतील तर एक्सेलमधला सॉल्व्हर ते काही मिनिटांत करतो.

माझ्या मते या गणितातून निघणारी सर्वांत कामाची गोष्ट टक्केवारी नाही. ती आहे नावं. स्टेशन रोडच्या 80 टक्क्यांसोबत गणित हेही सांगतं की ती कोणाच्या तुलनेत 80 आहे: गावठाण आणि बाजारपेठ यांच्या. ताळा करून पाहता येतो. गावठाणच्या पद्धतीनं काम करणारे 4 कर्मचारी 3200 व्यवहार आणि 4 प्रकरणं उरकतात. बाजारपेठेच्या पद्धतीनं काम करणारे 4 कर्मचारी 2400 व्यवहार आणि 20 प्रकरणं. बेरीज 5600 आणि 24, म्हणजे स्टेशन रोडचं नेमकं महिन्याचं काम, आणि तेही दहाऐवजी आठ माणसांत. तसंच नवी वसाहतीचं काम बाजारपेठेची 3 आणि औद्योगिक वसाहतीची 6 माणसं मिळून करतात. ती तिथे बारा लागतात. शाखाधिकाऱ्याला ‘तू 80 आहेस’ असं सांगून काही साधत नाही. ‘तुझ्यासारखंच काम गावठाण आणि बाजारपेठेत कमी माणसांत होतं, जाऊन बघ’ असं म्हटलं की त्याला करण्यासारखं काही मिळतं. पासबुक छपाईचं यंत्र कुठे ठेवलंय, कर्जाची कागदपत्रं पहिल्याच भेटीत पुरी घेतात का, सकाळच्या गर्दीत दुसरं काउंटर कोण उघडतं, या गोष्टी तिथे गेल्यावर दिसतात. गणितात त्या कुठेच नसतात.

याचा व्यवहारात उपयोग झाल्याची नोंद आहे. डेव्हिड शर्मन आणि जॉर्ज लॅडिनो यांनी 1995 मध्ये एका अमेरिकी बँकेच्या 33 शाखांचं असं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यातून वर्षाला 60 लाख डॉलरहून जास्त खर्चाची बचत शक्य असल्याचं दिसलं, आणि ती नेहमीच्या गुणोत्तरांतून दिसली नव्हती.

आता आपल्या 80 टक्क्यांचा अर्थ काय लावायचा? विभागीय कार्यालयात पहिला मोह असा होतो, की स्टेशन रोडची दोन माणसं उचला. पण तेच गणित दुसऱ्या बाजूनंही वाचता येतं: माणसं दहाच ठेवून तिनं 7000 व्यवहार आणि 30 कर्जप्रकरणं करायला हवीत. पहिलं वाचन साधनं कमी करण्याचं, दुसरं काम वाढवण्याचं. कोणतं बरोबर, हे शाखाधिकाऱ्याच्या हातात काय आहे यावर ठरतं. काउंटरवर कोण येईल हे तो ठरवत नाही. परिसरात माणसंच कमी असतील तर 7000 व्यवहार आणणार कुठून? उलट बदल्या आणि नेमणुका वरून होत असतील तर माणसं कमी करणंही त्याच्या हातात नाही. अहवालात नुसतं ‘80 टक्के’ लिहिलं असेल आणि कोणत्या बाजूनं ते सांगितलं नसेल, तर तो अहवाल परत पाठवावा.

दुसऱ्या बाजूला, 100 टक्क्यांवर फार विश्वास ठेवू नये. वजन शाखा स्वतः निवडते, म्हणून मागे पडलेली शाखा खरोखर मागे असते. पण पुढे दिसणारी शाखा खरोखर चांगली आहे असं मात्र सिद्ध होत नाही. समजा सहावी शाखा आली: 10 कर्मचारी, 8000 व्यवहार आणि फक्त 4 कर्जप्रकरणं. व्यवहार गावठाणइतकेच, कर्जं निम्म्याहून कमी. तिनं सरळ कर्जांचं वजन शून्य धरलं की ती 100 टक्के! नियमात बसणारं, पण हास्यास्पद. हे ओळखायची खूण सोपी आहे: निकालासोबत छापलेली वजनं पाहायची. एखाद्या कामाचं वजन शून्य असेल तर त्या शाखेनं ते काम लपवलं आहे. चांगला विश्लेषक मग वजनांना कुंपण घालतो. एका कर्जप्रकरणाला किती वेळ लागतो आणि एका व्यवहाराला किती, हे दोनचार शाखांत घड्याळ लावून पाहायचं, आणि मग म्हणायचं की कर्जाचं वजन 20 व्यवहारांच्या खाली आणि 200 च्या वर नेता येणार नाही. या नियमानं सहाव्या शाखेचे गुण 100 वरून साधारण साडेअठ्ठ्याण्णववर येतात. फरक लहान आहे, पण शून्याची पळवाट बंद होते.

सगळ्यांनाच 100 मिळायचं आणखी एक कारण म्हणजे मोजमापांची गर्दी. समितीत प्रत्येक खात्याला आपला आकडा घुसवायचा असतो. विमा पॉलिसी हव्यात, लॉकर हवेत, मोबाइल बँकिंगच्या नोंदण्या हव्यात. प्रत्येक नवं मोजमाप म्हणजे कोणत्या तरी शाखेला लपायला नवीन जागा. या क्षेत्रातला ठोकताळा असा, की साधनं आणि कामं यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट शाखा हव्यात. तीन साधनं आणि चार कामं घेतली तर किमान 21. आपल्या उदाहरणात एक साधन आणि दोन कामं, म्हणजे किमान 9 शाखा हव्या होत्या. मी पाच घेतल्या त्या समजावण्यापुरत्या. निम्म्याहून जास्त शाखा 100 वर दिसल्या की शाखांचं अभिनंदन करण्याआधी रकाने मोजावेत.

सर्वांत घातक चूक मात्र वेगळी आहे. सरासरी काढताना एका शाखेची चुकीची नोंद बाकीच्या गर्दीत विरते. इथे रेषा टोकाच्या शाखांवरूनच जाते, म्हणून टोकाच्या शाखेची चूक सगळ्यांना भोवते. समजा औद्योगिक वसाहतीच्या 72 प्रकरणांत 24 प्रकरणं नव्या कर्जांची नसून सोनेतारण कर्जाच्या नूतनीकरणाची होती. नूतनीकरणाला श्रम फारच कमी, आणि बाकीच्या शाखांनी ती मोजलेली नाहीत. खरी प्रकरणं 48, म्हणजे दर कर्मचाऱ्यामागे 9 ऐवजी 6. आता नवी वसाहतीचं गणित पुन्हा मांडा. तिला सर्वांत फायद्याचा हिशोब आता एका कर्जाला 400 व्यवहार असा येतो. त्यात तिची बेरीज 2550, आणि बाजारपेठ व औद्योगिक वसाहतीची प्रत्येकी 2600. कार्यक्षमता 98 टक्के! कालपर्यंत 75 वर, पाचांत शेवटची असलेली शाखा आज जवळजवळ निर्दोष आहे, आणि तिच्या स्वतःच्या आकड्यांत एकही बदल झालेला नाही. शेजारच्या शाखेच्या एका रकान्यात काय मोजलं, एवढाच फरक. स्टेशन रोड मात्र 80 वरच राहते, कारण तिची तुलना औद्योगिक वसाहतीशी नव्हतीच.

म्हणून निकाल जाहीर करण्याआधी रेषेवरची प्रत्येक शाखा एकेकदा यादीतून काढून सगळं गणित पुन्हा करतात. एखादी शाखा काढल्यावर बाकीच्यांचे गुण उसळले, किंवा एकच शाखा डझनभर शाखांची तुलनेची शाखा म्हणून येत असेल, तर आधी तिथल्या नोंदवह्या तपासायच्या. ती खरोखर असामान्य असू शकते. तसं असेल तर उत्तमच. पण बहुधा रकान्याची व्याख्याच वेगळी लावलेली असते.

आकाराचा प्रश्न ग्रामीण शाखांसाठी जिव्हाळ्याचा आहे. वर आपण एक गोष्ट गृहीत धरली: बारा माणसांची शाखा जे करते, त्याच प्रमाणात तीन माणसांची शाखाही करू शकेल. प्रत्यक्षात तिजोरीच्या किल्ल्या दोन जणांच्या संयुक्त ताब्यात असतात, शाखाधिकारी एक लागतोच, आणि एक जण रजेवर गेला की तिसरा भाग गेला. छोट्या शाखेच्या अंगाला काही किमान खर्च चिकटलेला असतो, गिऱ्हाईक असो वा नसो. राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्यासोबत 1984 मध्ये पद्धतीत यासाठी बदल केला. त्यात शाखेची तुलना साधारण तिच्याच आकाराच्या मिश्रणाशी होते. दोन्ही प्रकारे गणित केलं की कमतरतेचे दोन भाग वेगळे होतात: किती भाग कामाच्या पद्धतीमुळे आणि किती शाखा लहान असल्यामुळे. पहिल्याचा जाब शाखाधिकाऱ्याला विचारता येतो. दुसऱ्याचा जाब तिथे शाखा उघडायचं ठरवलेल्यांना. या बदलाचीही एक किंमत आहे: यादीतल्या सर्वांत लहान शाखेला तिच्यापेक्षा लहान कोणी नसल्यानं तुलनेला कोणी उरत नाही, आणि ती आपोआप 100 टक्के ठरते.

आता मघाशी राहिलेली गोष्ट: ठेव हे साधन की फलित? विचारल्यावर शाखाधिकारी म्हणतो, अर्थात फलित. आम्ही उन्हातान्हात फिरून ठेवी आणतो. मुख्य कार्यालयातला निधी विभाग म्हणतो, ठेवीवर आपण व्याज देतो, तो कच्चा माल आहे, फलित म्हणजे त्यातून दिलेलं कर्ज. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि अभ्यासकांमध्येही हे दोन गट जुने आहेत. पहिला गट शाखेला सेवा देणारा कारखाना मानतो आणि व्यवहार, खाती, प्रकरणं मोजतो. शर्मन आणि गोल्ड यांनी हाच मार्ग घेतला. दुसरा गट बँकेला पैशाचा मध्यस्थ मानतो आणि रुपयांत मोजतो. शाखेच्या पातळीवर मला पहिला मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण व्याजदर शाखा ठरवत नाही आणि मोठी ठेव बहुतेक वेळा तिच्या श्रमांनी आलेली नसते. पण पहिल्या मार्गात एक भोक राहतं. कर्जप्रकरण मंजूर झालं त्या महिन्यात ते काम म्हणून मोजलं जातं. हप्ते 90 दिवसांहून अधिक थकून ते अनुत्पादित ठरतं तेव्हा मोजणीचा काळ कधीच संपलेला असतो. भराभर कर्जं वाटणारी शाखा त्यामुळे रेषेवर चमकते. म्हणून मंजूर प्रकरणांऐवजी वर्षभरानंतरही नियमित चालू असलेली प्रकरणं मोजावीत. आकडे शिळे होतात, पण खोटे होत नाहीत. रांगेत ग्राहकाला किती वेळ उभं राहावं लागलं, हेही व्यवहारांच्या संख्येत कुठे दिसत नाही. आठ माणसांत 5600 व्यवहार उरकले, पण प्रत्येकाला पाऊण तास थांबवून, तर ती कार्यक्षमता ग्राहकाच्या खिशातून आलेली असते.

भारतातल्या शाखांवरचा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. अभिमान दास, सुभाष राय आणि अशोक नाग यांनी एका मोठ्या सार्वजनिक बँकेच्या चार महानगरांतल्या शाखांमध्ये मनुष्यबळाचा वापर कसा होतो हे डीईएनं मोजलं आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केलं. बँक एक, नियम एक, पगारश्रेणी एक, प्रोत्साहनाच्या योजना मुख्यालयातून आलेल्या त्याच. तरी शहरागणिक शाखांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक निघाला. त्यांनी युक्ती अशी केली की शाखेची तुलना आधी तिच्याच महानगराच्या रेषेशी करायची, आणि मग त्या महानगराची रेषा संपूर्ण देशाच्या रेषेशी. पहिल्या तुलनेतली तूट शाखेची, दुसऱ्या तुलनेतली तूट त्या ठिकाणाची. वरून येणारी धोरणं स्थानिक कार्यसंस्कृतीचा प्रभाव पूर्णपणे पुसू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्या स्टेशन रोडलाही हीच दुहेरी तुलना लावता येईल. समजा तिच्या शहरातल्या शाखांच्या रेषेवर ती 95 वर आली आणि सगळ्या बँकेच्या रेषेवर 80 वर. मग तिच्या शाखाधिकाऱ्याला गावठाण आणि बाजारपेठ बघायला पाठवून फार हाती लागणार नाही. ती फेरी त्याच्या विभागीय व्यवस्थापकानं करायला हवी.